ओघवता आवाज की पोहोचलेला मजकूर? समकालिक दुभाष्यांना गुण कसे द्यावेत

प्रश्न: "आमच्या परिषदेसाठी इंग्रजी-मराठी समकालिक दुभाषे, म्हणजे वक्ता बोलत असतानाच भाषांतर सांगणारे, निवडायचे आहेत. चाचणीत एक जण अगदी ओघवतं बोलला, दुसरी मधूनमधून अडखळली पण मुद्दे सोडत नसावी असं वाटलं. आम्ही तिघांनी हेडफोन लावून ऐकलं आणि दहापैकी गुण दिले, पण तिघांचे गुण अजिबात जुळत नाहीत. अचूकता, विलंब, संयम आणि पूर्णता हे चार निकष आहेत. ते नेमके मोजायचे कसे?"

उत्तर:

तुमच्या तिघांचे गुण जुळत नाहीत, कारण तिघांनीही बहुधा मुख्यतः आवाजाला गुण दिले आहेत. हेडफोनमध्ये फक्त मराठी ऐकू येत असेल, तर मूळ भाषणात काय होतं हे तुम्हाला कळायला मार्गच नाही. मग वाक्य गुळगुळीत आलं की ते बरोबरही असणार असं मन आपोआप धरून चालतं. स्पेनमधल्या संशोधक आंखेला कोयादोस आईस यांनी १९९८ मध्ये हेच दाखवून दिलं होतं. मजकूर बिनचूक असूनही एकसुरी आवाजात सांगितलेल्या दुभाषणाला ऐकणाऱ्यांनी कमी गुण दिले, आणि ते फक्त आवाजाच्या रकान्यात नाही, तर अचूकतेच्या रकान्यातही. ऐकणाऱ्यांचा यात दोष नाही. मूळ भाषण समोर नसताना अचूकता ठरवायची म्हटलं तर दुसरं काही होऊच शकत नाही.

मी स्वतः दुभाष्यांच्या बूथमध्ये बसते आणि निवड-चाचण्यांमध्ये परीक्षक म्हणूनही काम करते. त्यावरून माझं ठाम मत असं झालंय की हे चार निकष चार सुटे रकाने नाहीत. दुभाष्या वक्त्याच्या किती मागे राहिला, म्हणजे विलंब किती झाला, हे एकटं पाहून काहीच कळत नाही, पण विलंब कुठे वाढला आणि कुठे अचानक घटला हे पाहिलं की मजकूर कुठे गळला ते सापडतं. संयमही आवाजावरून न ठरवता अवघड जागेनंतर काय होतं त्यावरून ठरवावा लागतो. म्हणून मी आधी मजकुराचा हिशेब करते, मग त्याच ध्वनिमुद्रणावर विलंब मोजते आणि संयम सगळ्यात शेवटी पाहते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. न्यायालयात साक्षीदार चाचरला तर ते चाचरणंही पोहोचायला हवं, तिथे दुभाष्यानं वाक्य सफाईदार करून दिलं तर ती चूक आहे. परिषदेत वक्त्याचं "म्हणजे, मी काय म्हणत होतो" गाळलं तर उलट ऐकणाऱ्याचं भलंच होतं. तुमच्या मराठी बूथचं ऐकून तिसऱ्या भाषेचा बूथ काम करणार असेल, म्हणजे रिले असेल, तर विलंब आणि अर्धवट वाक्यं या दोन्हींबाबत जास्त कडक राहा, कारण पहिल्या बूथची प्रत्येक अडचण पुढच्या बूथमध्ये वाढूनच जाते. आणि इंग्रजीतून मराठी व मराठीतून इंग्रजी या दोन दिशांची चाचणी वेगळी घ्या. एका दिशेला उत्तम असणारा माणूस दुसऱ्या दिशेला जेमतेम असू शकतो.

आता चाचणीबद्दल. सगळ्यांना एकच भाषण, एकच ध्वनिमुद्रण, वक्ता दिसेल असा व्हिडिओ आणि सारखीच पूर्वतयारी मिळाली पाहिजे. विषय, वक्त्याचं नाव, स्लाइड आणि दहा-पंधरा पारिभाषिक शब्द किमान एक दिवस आधी द्या. प्रत्यक्ष कामात दुभाषी तयारी करूनच येते, मग चाचणीत तिला अंधारात ठेवून काय मिळवायचं? भाषण दहा-बारा मिनिटांचं हवं, कारण दोन-तीन मिनिटं कोणीही तग धरतं. आणि ते बोललेलं हवं, वाचून दाखवलेलं नको. वाचलेल्या मजकुरात वाक्यं लांब असतात, नैसर्गिक विराम नसतात आणि वेग नकळत वाढतो. वेगाबाबत डेव्हिड गर्व्हर यांचा १९६९ चा प्रयोग अजूनही उपयोगी आहे: वक्त्याचा वेग मिनिटाला साधारण ९५ ते १२० शब्दांच्या पुढे गेला की गाळलेला मजकूर वाढत जातो. मिनिटाला १६० शब्दांनी वाचलेल्या भाषणावर चाचणी घेतली तर तुम्हाला दुभाष्यांमधला फरक दिसणार नाही, सगळेच बुडालेले दिसतील.

ध्वनिमुद्रण दोन वाहिन्यांवर करा, डावीकडे मूळ भाषण आणि उजवीकडे दुभाष्याचा आवाज. ही एक गोष्ट केली नाही तर पुढचं काहीच मोजता येत नाही. साधा ध्वनिसंपादक सॉफ्टवेअर त्याला पुरतो.

चाचणीसाठी तयार केलेल्या एका भाषणातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा घेऊन पद्धत दाखवते. विषय विहिरींच्या पाण्याचा, आकडे चाचणीपुरते. इंग्रजीत मुद्दे या क्रमानं आले: आम्ही १,४६० विहिरी तपासल्या. त्यांतल्या सुमारे एक-तृतीयांश विहिरींत नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर होतं. खत हेच एकमेव कारण असं बऱ्याचदा मानलं जातं. तसं नाही, गळक्या सेप्टिक टाक्यांचाही वाटा होता. कोणतीही विहीर बंद करण्याची शिफारस आम्ही करत नाही, याला अपवाद म्हणजे किमान चार आठवड्यांच्या अंतरानं घेतलेले लागोपाठचे दोन नमुने, दोन्हीही नापास झाले तर.

पहिल्या दुभाष्याचं मराठी असं आलं:

"आम्ही जवळपास दीड हजार विहिरींची तपासणी केली. त्यातल्या एक-तृतीयांश विहिरींमध्ये नायट्रेटचं प्रमाण धोकादायक पातळीच्या वर आढळलं. याला खतांचा अतिवापर कारणीभूत आहे असं मानलं जातं, आणि सेप्टिक टाक्यांची गळतीही त्याला हातभार लावते. म्हणून ज्या विहिरींचे दोन नमुने नापास होतील त्या बंद कराव्यात, अशी आमची शिफारस आहे."

दुसरीचं असं:

"आम्ही एक हजार चारशे… साठ विहिरी तपासल्या. त्यातल्या साधारण एक-तृतीयांश विहिरींत नायट्रेट लिटरला पन्नास मिलिग्रॅमच्या वर होतं. फक्त खतामुळे होतं असं मानतात. तसं नाही. सेप्टिक… सेप्टिक टाक्या गळतात, त्यांचाही वाटा होता. कुठलीही विहीर बंद करा असं आम्ही म्हणत नाही. अपवाद एकच, लागोपाठचे दोन नमुने, दोन्ही नापास झाले तर. चार आठवड्यांच्या अंतरानं घेतलेले."

नुसतं ऐकलं तर पहिला नक्कीच जास्त आवडतो. वाक्यं पूर्ण आहेत, "हातभार लावते" असं सहज मराठी आहे, कुठे अडखळणं नाही. दुसरी दोनदा अडखळली आणि शेवटचं वाक्य लोंबतं ठेवल्यासारखं वाटतं.

आता मजकुराचा हिशेब करू. भाषणाचे छोटे अर्थाचे तुकडे पाडायचे. एक तुकडा म्हणजे स्वतंत्रपणे खरा किंवा खोटा ठरू शकेल असं एक विधान. वरच्या उताऱ्यात अशी नऊ निघतात. प्रत्येकाला उमेदवारांचं ध्वनिमुद्रण ऐकण्यापूर्वीच वजन द्यायचं: ज्यावर ऐकणाऱ्याचा निर्णय अवलंबून आहे त्याला तीन, आधार देणाऱ्या आकड्यांना, नावांना आणि कारणांना दोन, पार्श्वभूमीला एक. इथे "तो समज बरोबर नाही", "बंद करण्याची शिफारस नाही" आणि "दोन्ही नमुने नापास झाले तर अपवाद" यांना तीन-तीन. विहिरींची संख्या, एक-तृतीयांश, ५० मिलिग्रॅमची मर्यादा, टाक्यांचा वाटा आणि चार आठवड्यांचं अंतर यांना दोन-दोन. खताबद्दलच्या समजाला एक. बेरीज वीस. वजन आधी ठरवणं महत्त्वाचं आहे, कारण ध्वनिमुद्रण ऐकल्यावर आवडत्या उमेदवाराने सोडलेला मुद्दा अचानक किरकोळ वाटायला लागतो.

तुकडा पूर्ण पोहोचला तर पूर्ण वजन, अर्धवट पोहोचला तर निम्मं, आलाच नाही तर शून्य. आणि उलटा पोहोचला तर तेवढंच वजन वजा. बऱ्याच ठिकाणी गाळणं आणि उलट सांगणं यांना सारखंच शून्य देतात, ते मला पटत नाही. मुद्दा गाळला तर ऐकणारा एखादे वेळी प्रश्न विचारून तो मिळवतो. उलटा सांगितला तर त्याला प्रश्न पडतच नाही, तो चुकीची माहिती घेऊन घरी जातो.

दुसरीनं शेवटी "किमान" हा शब्द सोडला, त्यामुळे त्या तुकड्याचं निम्मं गेलं. बाकी सगळं आलं. वीसपैकी एकोणीस. "सेप्टिक… सेप्टिक" साठी इथे काहीही कापायचं नाही, त्याची जागा पुढे आहे.

पहिल्यानं १,४६० चे "जवळपास दीड हजार" केले, निम्मे गुण. आकडा सुटला तर गप्प बसण्यापेक्षा असं ढोबळ सांगणं चांगलंच, म्हणून शून्य नाही. ५० मिलिग्रॅमऐवजी "धोकादायक पातळी" आली. इथे आकडा तर गेलाच, वर वक्त्यानं न दिलेला अभिप्रायही चिकटला. तरी "मर्यादेच्या वर" एवढं पोहोचलं म्हणून निम्मे. "फक्त खत" मधलं "फक्त" गेलं, तिथेही निम्मं. आणि त्याबरोबर "तसं नाही" हे सगळं खंडनच गायब झालं, शून्य. वक्ता एक गैरसमज दूर करत होता, ऐकणाऱ्याला मात्र तो गैरसमज आणि त्याला एक जोड एवढंच मिळालं. टाक्यांचा वाटा आला, पूर्ण गुण. एक-तृतीयांश आले, पूर्ण गुण. नमुने दोन आणि नापास हे आलं, लागोपाठ गेलं, निम्मे. चार आठवडे गेले, शून्य.

शिफारशीवर परीक्षकांमध्ये वाद होतो. काही म्हणतात, तर्कानं पाहिलं तर दोन्हींचा निष्कर्ष जवळपास सारखाच: दोन नमुने नापास, तर विहीर बंद. मी तिथे वजा तीन देते. वक्त्याची भूमिका "बंद करू नका" अशी होती आणि अपवाद अरुंद होता. दुभाष्याच्या तोंडून भूमिका "बंद करा" अशी झाली. सभागृहातला मराठी ऐकणारा अधिकारी उठून "तुम्ही विहिरी बंद करायची शिफारस का करताय?" असं विचारेल आणि वक्ता गोंधळून जाईल. असा प्रश्न ज्या भाषांतरातून उगवू शकतो ते उलटं गेलेलं आहे, असं मी धरते. हे सगळं मिळून पहिल्याचे वीसपैकी पाच होतात.

हे सगळं दहा मिनिटांच्या पूर्ण भाषणावर करायची गरज नाही. तीन-चार जागा आधीच निवडा, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या: एक सोपी, एक आकड्यांची, एक नकार आणि अट असलेली, आणि एक शेवटच्या दोन मिनिटांतली. आकड्यांच्या जागेत एखादा आकडा मिलियनमध्ये असू द्या. २.४ मिलियनचे २४ लाख करताना एक शून्य इकडेतिकडे होणं ही नेहमीची चूक आहे आणि दमलेल्या माणसाकडून ती हमखास होते.

पूर्णतेबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: मूळ भाषणाचे आणि भाषांतराचे शब्द मोजून तुलना करायची. मराठीत विभक्ती प्रत्यय शब्दालाच चिकटतात, इंग्रजीतली आर्टिकल्स नसतात, त्यामुळे शब्द कमी भरणारच. शिवाय वक्ता एकच गोष्ट तीनदा बोलला आणि दुभाष्यानं ती एकदा नीट सांगितली तर काहीही हरवलेलं नाही. उलट अशी काटछाट करता येणं हे कौशल्य आहे, कारण त्यातून पुढच्या अवघड वाक्यासाठी वेळ मिळतो. अर्थाच्या तुकड्यांचा हिशेब केला की ही काटछाट आपोआप निर्दोष ठरते, कारण पुनरुक्तीला वेगळा तुकडा नसतो.

आता विलंब. मोजायचा असा: मूळ भाषणात एखादा तुकडा सुरू झाला तो क्षण आणि दुभाष्याच्या आवाजात तोच तुकडा सुरू झाला तो क्षण, यांतलं अंतर. वाक्याच्या पहिल्या शब्दावरून मोजू नका. "आता आपण पाहूया" असं काहीतरी म्हणून वेळ काढणारे असतात, त्यांचा विलंब कागदावर फार छान दिसतो. सर्वसाधारणपणे दोन ते चार सेकंद हे निरोगी अंतर समजतात, पण वाक्यरचनेनुसार ते हलतं आणि हलायलाच हवं. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. "या योजनेला समितीनं गेल्या बैठकीत मान्यता दिली" आणि त्यापुढे "नाही" आलं की सगळं उलटतं. मराठीतून इंग्रजी करणाऱ्याला त्या शेवटापर्यंत थांबावं लागतं किंवा वाक्य अशा बेतानं सुरू करावं लागतं की शेवट कुठेही गेला तरी सावरता येईल. तिथे पाच-सहा सेकंद दिसले तर ती शिस्त आहे. उलट सतत एक सेकंदाच्या आत चालणारा दुभाष्या वक्त्याच्या शब्दांना चिकटून चाललेला असतो. त्याचं मराठी इंग्रजीच्या क्रमानं येतं आणि अर्ध्यात तोडलेली वाक्यं खूप असतात.

सरासरीत मात्र फारसं काही सापडत नाही. मी विलंबाचा आलेख पाहते. पहिल्या दुभाष्याचा विलंब आपल्या उताऱ्यात असा होता: विहिरींच्या आकड्यावर तीन सेकंद, नायट्रेटवर पाच, खतावर आठ, टाक्यांवर नऊ. वक्त्याचं शेवटचं वाक्य संपलं त्यानंतर मात्र जेमतेम दोन सेकंदांत त्याचंही संपलं. वक्ता मध्ये थांबला नव्हता, दुभाष्याचा वेगही वाढला नव्हता. मग मधला सात सेकंदांचा मजकूर कुठे गेला? तो गाळला गेला: चार आठवडे, लागोपाठ आणि "शिफारस करत नाही" मधला नकार. वक्ता न थांबता विलंब अचानक घटला की त्या जागी मूळ भाषण काळजीपूर्वक ऐका, बहुतेक वेळा तिथे काहीतरी पडलेलं सापडतं. ध्वनिमुद्रण पूर्ण तपासायला वेळ नसेल तर मी या घसरणीच्या जागाच आधी ऐकते.

आणि हेही पाहा की बिघाड सुरू कुठे झाला. शिफारशीचं वाक्य काही अवघड नव्हतं. अडचण पहिल्या वाक्यातल्या आकड्यावर आली, मग "धोकादायक पातळीच्या वर आढळलं", "अतिवापर कारणीभूत" अशा लांब, सजवलेल्या रचनांनी वेळ खाल्ला, आणि किंमत पंधरा-वीस सेकंदांनी पुढच्या सोप्या वाक्यात चुकवावी लागली. दुभाषणाचे अभ्यासक दानिएल जील यांनी हे नीट मांडलंय. ऐकून समजून घेणं, ते लक्षात ठेवणं आणि बोलणं या तिन्ही कामांना लागणारी शक्ती एकाच मर्यादित साठ्यातून जाते, आणि समकालिक दुभाष्या बहुतेक वेळ त्या साठ्याच्या काठावरच काम करतो. म्हणून चूक जिथे ऐकू येते तिथे कारण असेलच असं नाही. उमेदवाराला अभिप्राय देताना "शिफारस चुकली" एवढंच सांगितलं तर त्याला काही उपयोग नाही. "आकड्यावर थांबलास तेव्हापासून मागे पडत गेलास, आणि सजावट कमी केली असतीस तर सावरला असतास" हे सांगितलं तर तो सुधारू शकतो.

दुसरीचा आलेख अडीच ते चार सेकंदांत फिरत राहिला, "सेप्टिक" पाशी पाचवर गेला आणि पुढच्या वाक्यात पुन्हा तीनवर आला, काहीही न गाळता. ते तिला जमलं कारण तिनं लांब वाक्य तोडलं. "शिफारस करत नाही" हे मिळाल्याबरोबर ते सांगून टाकलं, मग "अपवाद एकच" म्हणून पुढचा तुकडा जोडला, आणि चार आठवडे उशिरा आले ते शेवटी लावले. लेखी मराठीत हे वाक्य कोणी असं लिहिणार नाही. बूथमध्ये मात्र हेच बरोबर आहे, आणि परीक्षक भाषेचा शिक्षक असेल तर त्याला हे आधी समजावून सांगावं लागतं, नाहीतर तो इथेच गुण कापतो.

संयमाकडे मी सर्वांत शेवटी येते. आवाज गोड आहे का, हा प्रश्न इथे नाहीच. पाहायचं एवढंच: अडचण आल्यावर किती वेळात माणूस पुन्हा आपल्या नेहमीच्या विलंबावर आणि पूर्ण वाक्यांवर येतो. भाषणात तीन ठिकाणी मुद्दाम अडचण ठेवा: एके ठिकाणी वक्ता चुकीचा आकडा सांगून लगेच दुरुस्त करतो, एके ठिकाणी अर्धं मिनिट वेग वाढतो, आणि एके ठिकाणी वाक्य अर्धवट सोडून दुसराच विषय येतो. आवाज खराब करणं, खरखर घालणं असलं काही मात्र करू नका. कानाला त्रास होतो आणि त्यातून कसबाबद्दल काहीच कळत नाही. त्या प्रत्येक जागेनंतरचं अर्धं मिनिट ऐका. आवाजाची पट्टी चढून तिथेच राहते का? शब्दसमूहाच्या मध्येच विराम पडायला लागतात का? सुस्कारा, जीभ चुकचुकणं, "सॉरी, सॉरी" माइकवर येतं का? आणि दुरुस्ती कशी होते? "दुरुस्ती, एक हजार चारशे साठ" एवढं म्हणून पुढे जाणारी दुभाषी शांत आहे, मग तिचा आवाज कसाही असो. चूक लक्षात येऊनही ती तशीच दडपून ओघ राखणारा वरवर शांत दिसेल, पण मी त्याला या रकान्यात गुण देत नाही. "सेप्टिक… सेप्टिक" साठी दुसरीचे थोडे गुण इथे जातील आणि जायलाच हवेत, कारण दिवसभर असं ऐकणं कंटाळवाणं होतं.

न्यूरेंबर्गच्या खटल्यात, १९४५-४६ मध्ये, दुभाष्यांकडे दिव्यांची सोय होती. पिवळा दिवा लागला की वक्त्यानं वेग कमी करायचा, लाल लागला की थांबायचं. आज बऱ्याच ठिकाणी तसे दिवे नसतात, पण वक्ता फार वेगात गेला किंवा माइकपासून दूर गेला तर तंत्रज्ञाला किंवा संयोजकाला खूण करणं हा दुभाष्याच्या कामाचाच भाग आहे. चाचणीत ही खूण करायची सोय ठेवा आणि जो ती योग्य वेळी वापरतो त्याची नोंद घ्या.

थकव्याबद्दलही थोडं. बार्बरा मोझर-मर्सर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दुभाष्यांना नेहमीच्या तीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ सलग काम करायला लावलं. काही वेळानं अर्थाच्या चुका वाढल्या, पण खुद्द दुभाष्यांना आपला दर्जा घसरल्याचं फारसं जाणवलं नव्हतं. म्हणून "मी एकटा तासभर करू शकतो" या आश्वासनाला निवडीत काहीही वजन देऊ नका. जोडीनं, वीस-तीस मिनिटांच्या पाळ्यांत काम हीच अट ठेवा. जोडीचा आणखी एक परिणाम गुणांवर होतो: प्रत्यक्ष बूथमध्ये बाजूचा साथीदार आकडे आणि नावं कागदावर लिहून पुढे सरकवतो. चाचणीत उमेदवार एकटा असेल तर आकड्यांवरचं अडखळणं जरा सैल हातानं मोजा. शक्य असेल तर जोड्यांचीच चाचणी घ्या, मग कोण साथीदाराला खरोखर मदत करतो हेही दिसतं.

परीक्षक तिघंच असू द्या, पण कामं वेगळी करा. दोघांना इंग्रजी आणि मराठी दोन्ही येत असावं, आणि त्यांनी मूळ भाषणाचा लेखी उतारा समोर ठेवून तुकड्यांचा हिशेब आणि विलंब पाहावा. एक ध्वनिमुद्रण दोघांनी आधी मिळून तपासावं म्हणजे "अर्धवट" कशाला म्हणायचं यावर एकमत होतं. मग बाकीची स्वतंत्रपणे तपासावीत, उमेदवारांचा क्रम दोघांसाठी वेगळा ठेवून. तिसऱ्या व्यक्तीला मूळ भाषण ऐकवूच नका. तिनं फक्त मराठी ऐकावं, ऐकणं किती सोपं गेलं ते सांगावं, आणि मजकुरावरच्या सहा-आठ प्रश्नांची उत्तरं द्यावीत: किती विहिरी तपासल्या, कारण काय, विहीर कधी बंद करायची. या उत्तरांचा आणि तुकड्यांच्या हिशेबाचा मेळ बसला तर तुमची पद्धत नीट चाललीय. हिशेबात गुण उत्तम पण ऐकणाऱ्याला उत्तरं येत नसतील, तर मजकूर येतोय पण अशा तुटक रूपात की तो पकडता येत नाही. तीही खरी उणीव आहे आणि नुसत्या उताऱ्यावरून ती दिसत नाही.

थोडक्यात क्रम असा: वजनं आधी ठरवा, दोन वाहिन्यांवर ध्वनिमुद्रण करा, तुकड्यांचा हिशेब करा, विलंबाच्या घसरणीच्या जागा ऐका, मग सावरायला लागलेला वेळ पाहा, आणि तिसऱ्या कानाची उत्तरं त्याशेजारी ठेवा. चार निकषांची एकच बेरीज करायची असेल तर अचूकता आणि पूर्णता मिळून किमान साठ टक्के ठेवा. शिवाय एक वेगळी अट घाला: तीन वजनाचा तुकडा एकाहून जास्त वेळा उलटा गेला तर बेरीज कितीही असली तरी निवड नाही.

तुमच्या दोघांचा हिशेबही वरच्या दोघांसारखाच निघाला तर माझा सल्ला: दुसरीला निवडायला हरकत दिसत नाही, पण तिला आकड्यांसाठी जागरूक साथीदार द्या आणि तिचं दुभाषण ऐकणाऱ्यांचा अभिप्राय पहिल्या सत्रानंतरच घ्या. पहिल्याला लगेच नाकारू नका. त्याला आलेख दाखवा, सजावट कमी करायला सांगा, आणि आठवड्याभरानं वेगळ्या भाषणावर, मिनिटाला शंभर शब्दांच्या वेगानं पुन्हा ऐका. विलंब चढत जाऊन एकदम कोसळण्याचा तोच आकार पुन्हा दिसला, तर स्वागत-सत्कार आणि उद्घाटनाची भाषणं त्याला द्या, ठराव आणि शिफारशींच्या सत्रांत त्याला बसवू नका. आलेख सपाट झाला आणि नकार, अटी जागच्या जागी आल्या, तर मग त्याचा आवाजही तुमच्या उपयोगाला येईल.